केसांची नेमकी छटा: कलर मोड की कर्व्ह्ज?

समजा, फोटोशॉपमध्ये फोटोतल्या केसांचा रंग बदलायचा आहे. केसांचा मधला टोन R 92, G 64, B 48 आहे आणि हवा आहे तांबूस R 150, G 82, B 45.

लक्ष्य रंग भरून लेयर कलर मोडवर टाकणं झटपट होतं. पण त्यात मूळ उजेड तसाच राहतो, त्यामुळे रंग तांबूस झाला तरी केस गडदच दिसतात.

कर्व्ह्जमध्ये लाल चॅनलवर इनपुट 92, आउटपुट 150. हिरव्यावर 64 ला 82. निळ्यावर 48 ला 45. आकडे बरोबर जुळतात. फक्त रंगाचा नमुना 5 बाय 5 पिक्सेलच्या सरासरीने घ्या, एकेक केस फसवतो. सावल्या लालसर झाल्या, तर तिथेही नमुना घेऊन दुसरा बिंदू लावा. मी तरी कर्व्ह्जच वापरतो.