कापलेल्या गादीचं चित्र: सहा महिन्यांहून जास्त वापरानंतरचा अनुभव

कुपवाडला आमचं गादीचं छोटं वर्कशॉप आहे आणि सांगलीत दुकान. आमच्या ६ इंची मेमरी फोम गादीचं आतले थर दाखवणारं चित्र गेल्या दिवाळीआधी नव्याने करून घेतलं. तेव्हापासून ते दुकानातल्या बोर्डावर, डीलरांच्या व्हॉट्सॲपवर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर सतत वापरात आहे. गादीचा धंदा करणाऱ्यांना आणि असं चित्र बनवणाऱ्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

नवं चित्र का लागलं, ते आधी सांगतो. जुनं चित्र बाहेरून बनवून घेतलेलं होतं आणि दिसायला झकास होतं. थर जिन्यासारखे मागे मागे सरकवलेले, प्रत्येकाला वेगळा रंग. पण तासगावकडचे एक काका गादी घरी गेल्यावर चेन उघडून बघून आले आणि म्हणाले, "अहो, फोटोत तो निळा थर चांगला तीन बोटं दिसत होता. हा तर एवढाच हाय की!" आम्ही १ इंच लिहिलं होतं आणि १ इंचच दिला होता. तरीही काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण चित्रात तसंच दिसत होतं.

आमच्या गादीत वरून खाली असे थर आहेत: क्विल्ट अर्धा इंच, मेमरी फोम १ इंच, मऊ पीयू फोम दीड इंच आणि खाली फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला रिबॉन्डेड ३ इंच. जुन्या चित्रात प्रत्येक थराची पायरी २ इंच पुढे काढलेली होती आणि कॅमेरा साधारण ३० अंश वरून बघत होता. अशा कोनातून, कापलेली बाजू समोर असेल, तर मेमरी फोमची १ इंच उभी जाडी चित्रात ०.८७ इंच दिसते. वरची २ इंचांची सपाट पायरी मात्र पूर्ण १ इंच दिसते. दोन्हींचा रंग एकच, त्यामुळे बघणारा दोन्ही मिळून जाडी धरतो: १.८७ इंच. रिबॉन्डेडचं तसंच मोजलं तर ३.६ इंच येतात. म्हणजे खरं प्रमाण एकास तीन, आणि डोळ्याला दिसतं जेमतेम एकास दोन. एकाही थराची जाडी चुकीची काढलेली नव्हती, तरी महाग थर फुगलेला आणि स्वस्त थर बारीक दिसत होता.

नवीन चित्र विश्रामबागच्या एका मुलाने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं. त्याने पायरी अर्ध्या इंचावर आणली, कॅमेरा १५ अंशांपर्यंत खाली घेतला आणि पायरीच्या सपाट भागाला उभ्या भागापेक्षा थोडी फिकट छटा दिली. आता मेमरी फोम सगळा मिळून १.१ इंच दिसतो आणि रिबॉन्डेड ३ इंचांच्या आसपास. कॅमेरा त्याने `Orthographic` वर ठेवला. त्यात जवळचा कोपरा मोठा आणि लांबचा छोटा होत नाही, त्यामुळे स्क्रीनवर पट्टी लावून थर मोजले तरी प्रमाण जुळतं. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत पुढचा कोपरा फुगतो आणि ६ इंची गादी ८ इंची वाटते.

अख्खी गादी दाखवण्याचा हट्ट आम्ही सोडला, आणि हा निर्णय सगळ्यात उपयोगी पडला. ७२ इंच लांबी मोबाइलवरच्या ९०० पिक्सेलमध्ये बसवली तर ६ इंच जाडीला ७५ पिक्सेल मिळतात आणि मेमरी फोमला साडेबारा. तेवढ्यात काहीच दिसत नाही, म्हणून बरेच जण जाडी ओढून वाढवतात आणि गादी पावाच्या लादीसारखी दिसायला लागते. आम्ही फक्त १८ इंचांचा कोपरा घेतला. त्यामुळे १ इंचाला ५० पिक्सेल मिळाले आणि काही ताणावं लागलं नाही. बाजूला अख्ख्या गादीचं छोटं चित्र दिलं आहे, म्हणजे कोपरा कुठला ते कळतं.

आता शिलाई. जुन्या चित्रात क्विल्टचा दोरा थेट मेमरी फोममध्ये शिरलेला होता. क्विल्टिंग मशीनवर कापड, पातळ फोम आणि खालचं नॉन-वोव्हन एवढंच एकत्र शिवलं जातं, दोरा तिथेच संपतो. खालचे फोम एकमेकांना चिकटवलेले असतात. दोरा खोल दाखवला की माहितगार गिऱ्हाईक लगेच विचारतं, "मग फोम शिवलाय का?" कापलेल्या कडेवर क्विल्ट एकसारख्या जाडीची पट्टीही दिसत नाही. फुगवट्यावर अर्धा इंच आणि टाक्याच्या जागी दबून काही मिलिमीटरच, अशी लाट दिसायला हवी. नव्या चित्रात ती बरोबर आली, कारण त्या मुलाने वर्कशॉपमधून क्विल्टचा तुकडा नेऊन समोर ठेवला होता.

आमच्या क्विल्टचा चौकडा ४ इंचांचा आहे, म्हणून १८ इंचांच्या कडेवर साडेचार चौकडे यायला हवेत. पहिल्या नमुन्यात दोनच आले होते आणि तेही एका बाजूने लांबट. गादीचा ठोकळा ओढून मोठा केलेला होता पण त्याचं माप पक्कं केलेलं नव्हतं, म्हणून कापडाची नक्षीही ताणली गेली होती. `Ctrl+A` दाबून `Scale` केलं आणि कापड पुन्हा `Unwrap` केलं, तेव्हा चौकडे सरळ झाले. चौकडे मोजणं ही तपासणी कुणालाही जमते, सॉफ्टवेअर यायला लागत नाही.

कडेच्या टेपची शिलाई मात्र या चित्रात मला अजून पटत नाही. टाका खरा ४-५ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात दहा पिक्सेलही नाही. तो दिसावा म्हणून दोरा जाड केला तर सुतळी वाटते. शेवटी टेपचा भाग वेगळ्या गोलात मोठा करून दाखवला आणि मूळ चित्रात शिलाई बारीकच ठेवली. गोलाखाली "मोठा करून दाखवलेला भाग" असं लिहिलं नसतं तर पुन्हा तोच घोळ झाला असता.

वापरात एक त्रास निघाला. फ्लेक्सवाल्याने चौकोनी चित्र ८ बाय ४ फुटांच्या बोर्डावर आडवं ताणून बसवलं, आणि इतक्या मेहनतीने जपलेलं प्रमाण एका मिनिटात गेलं. आता चित्राच्या कोपऱ्यात एक पूर्ण गोल शिक्का आहे. डीलरला सांगून ठेवलंय की गोल अंडाकृती दिसला तर बोर्ड घ्यायचा नाही. जतच्या डीलरने यावरूनच एक फ्लेक्स परत पाठवला.

खरी गादी कापून फोटो का काढला नाही, असं बरेच जण विचारतात. तो प्रयत्न झाला आहे. सुरीखाली मऊ फोम दबतो, म्हणून काप सरळ येत नाही. कव्हरचा ताण सुटला की वरचे थर बाहेर फुगतात आणि कड वाकडी दिसते. तसा कापलेला तुकडा दुकानात हाताने दाबून बघायला ठेवलाय, कारण मऊपणा आणि घनता कुठल्याच चित्रात कळत नाही.

नवं चित्र लावल्यापासून जाडीवरून कुणी परत आलेलं नाही. रिबॉन्डेडचे रंगीत कण अजून जरा मोठे वाटतात, ते बारीक करायला सांगितलेत. पुढची ८ इंची गादी याच फाइलमध्ये खालच्या थराचा आकडा बदलून होणार आहे. कॅमेरा आणि कोन तेच ठेवणार, म्हणजे दोन्ही चित्रं शेजारी लावली की २ इंचांचा फरक २ इंचच दिसेल.