गुंठा, एकर की चौरस फूट: तीन जागांचा भाव एकाच मापात

जागा शोधायला निघालं की भाव तीन भाषांत येतो. लेआउटवाला चौरस फुटाचा दर सांगतो, गावातला एजंट गुंठ्याचा, आणि शेतजमीन विकणारा एकरी आकडा टाकतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड उघडावं, तर तिथे चौथंच माप असतं: हेक्टर, आर आणि चौरस मीटर. शेवटी खरेदीखतात कागदावरचंच क्षेत्र येतं, म्हणून माझा सल्ला सरळ आहे: सगळं चौरस मीटरमध्ये आणा, एकूण किमतीला त्याने भागा, आणि मगच तुलना करा. गोव्यात भाव बहुतेक चौरस मीटरवरच सांगतात, त्यामुळे तिथे ही कसरत बरीच वाचते.

त्यासाठी आकडे मोजकेच लागतात. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट किंवा 101.17 चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे 43,560 चौरस फूट किंवा 4,046.86 चौरस मीटर. एक आर मात्र नेमका 100 चौरस मीटर, आणि शंभर आरांचा हेक्टर. फूट आणि मीटरचं गुणोत्तर 3.28 आहे, पण ते लांबीचं. क्षेत्रफळाला तोच आकडा लावणारे लोक मी पाहिले आहेत. उत्तर तीनपटीहून जास्त चुकतं, त्यामुळे ती चूक निदान लगेच लक्षात तरी येते. पकडायला अवघड असतात त्या लहान चुका.

आता तीन जागा समोर ठेवू. भाव उदाहरणापुरते धरले आहेत.

पहिली जागा मंजूर लेआउटमधला एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे, 1,500 चौरस फूट, दर 1,200 रुपये, म्हणजे 18 लाख. 1,500 ला 10.764 ने भागलं की 139.35 चौरस मीटर येतात, आणि दर चौरस मीटरला साधारण 12,917 रुपये पडतो. इथे गणित साधं, कारण रस्ता आणि मोकळी जागा लेआउटमध्ये वेगळी दाखवलेली असते आणि प्लॉटचं क्षेत्र निव्वळ असतं. मंजूर नकाशावर प्लॉटच्या चारही बाजू मीटरमध्ये लिहिलेल्या असतात, त्या टेपने पडताळता येतात.

दुसरी जागा खरी गंमतीची. जाहिरात म्हणते, 'दोन गुंठे, गुंठ्याला 9 लाख', म्हणजे एकूण तेच 18 लाख. दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट, म्हणून चौरस फुटाला 826 रुपये. पहिल्या प्लॉटपेक्षा जवळजवळ तिसरा हिस्सा स्वस्त वाटतं. पण एजंटने दिलेल्या हाताने काढलेल्या नकाशावर प्लॉट 40 बाय 50 फूट आहे, म्हणजे 2,000 चौरस फूट. बोलताना गुंठा हजार फुटांचा धरायची सवय सर्रास आहे, आणि इथेच 178 चौरस फूट गेले. पुढे विचारलं की कळतं, समोरच्या 20 फुटी रस्त्याचा निम्मा भाग, म्हणजे 40 बाय 10 फुटांची पट्टी, याच मापात धरली आहे. ती 400 चौरस फूट वजा केली की वापरायला 1,600 उरतात, आणि दर होतो चौरस फुटाला 1,125. चौरस मीटरमध्ये साधारण 12,109. पहिल्या जागेशी फरक उरला चौरस फुटाला 75 रुपयांचा, आणि त्या बदल्यात एनएची मंजुरी नाही, सातबाऱ्यावर बऱ्याचदा सामाईक नाव, शिवाय तुकडेबंदीचा प्रश्न वेगळा. इतक्या लहान तुकड्याची नोंद होते का, हे विसार देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारायला हवं.

अशा जागांमध्ये आणखी एक घोटाळा आकाराचा असतो. चौकोन काटकोनी नसेल तर गावाकडे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. समजा एक बाजू 40 फूट, तिला समांतर बाजू 60 फूट, त्यांना काटकोनात जोडणारी तिसरी बाजू 30 फूट, आणि चौथी, तिरपी बाजू सुमारे 36 फूट. खरं क्षेत्र 50 गुणिले 30, म्हणजे 1,500 चौरस फूट. सरासरीच्या पद्धतीने 30 आणि 36 चे 33 धरतात, म्हणून 50 गुणिले 33, म्हणजे 1,650. काटकोन नसला की ही पद्धत नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही, आणि ती विकणाऱ्याच्या बाजूने चुकते. टेप धरताना कर्णही मोजला की प्लॉटचे दोन त्रिकोण होतात आणि क्षेत्र निश्चित सांगता येतं. कर्ण न मोजता चारच बाजू घेतल्या, तर क्षेत्र कळतच नाही.

तिसरी जागा एक एकर शेतजमीन, एकरी 80 लाख. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे 0.40.00, म्हणजे शून्य हेक्टर, 40 आर, शून्य चौरस मीटर. चाळीस दिसलं की लोक चाळीस गुंठे समजतात. पण 40 आर म्हणजे 4,000 चौरस मीटर, म्हणजे 39.54 गुंठे. एकराला 46.86 चौरस मीटर कमी. टक्का एवढासा, पण 80 लाखांच्या हिशेबात तो 92 हजारांच्या पुढे जातो. हेच आकडे उलटीकडेही फसवतात: 0.05.20 म्हणजे 520 चौरस मीटर. कोणी ते हाताने '0.5.2' असं उतरवलं, तर वाचणारा 502 समजू शकतो. प्रत लिहून घेण्यापेक्षा ऑनलाइन सातबारा स्वतः काढावा.

या जमिनीचा दर 2,000 रुपये चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला साधारण 186 रुपये. यात 4 आर पोटखराब असेल, तर लागवडीयोग्य 3,600 चौरस मीटर राहतात आणि त्यांवर दर 2,222 होतो. हा आकडा पहिल्या दोन जागांच्या शेजारी ठेवून 'किती स्वस्त' म्हणणं चुकीचंच. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे शेतकरी असावं लागतं, आणि घर बांधायचं तर एनएचा खर्च, रस्त्यासाठी सोडावी लागणारी जागा, हे सगळं त्या 186 मध्ये नाही.

| जागा | मागणी | खरं वापरायचं क्षेत्र | चौ. मी. दर |
|---|---|---|---|
| एनए प्लॉट | 18 लाख | 139.35 चौ. मी. | 12,917 |
| दोन गुंठे | 18 लाख | 148.64 चौ. मी. | 12,109 |
| एक एकर | 80 लाख | 4,000 चौ. मी. | 2,000 |

येत्या दोन-चार वर्षांत घर बांधायचं असेल, तर मी पहिली जागा घेईन. शेतकरी असाल आणि पैसा दीर्घकाळ अडकवायची तयारी असेल, तर तिसरी, पण एकरी नव्हे, सातबाऱ्यावरच्या चौरस मीटरप्रमाणे भाव ठरवून. दुसरी जागा भाव बराच खाली येईपर्यंत सोडून देईन.

रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, प्लॉटचा दर चौरस मीटरवर असतो, तर शेतजमिनीचा हेक्टरवर. मागणीची त्याच्याशी तुलना करताना हेक्टरी आकड्याला 10,000 ने भागायला विसरू नका. आणि विसार पावतीत 'दोन गुंठे' किंवा 'एक एकर' असं मोघम लिहू देऊ नका. सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर-आर-चौरस मीटर लिहा, रस्त्याची पट्टी वेगळी दाखवा, आणि भूमी अभिलेखच्या मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर किंमत त्याच दराने कमी होईल, असं एक वाक्य घाला.