वॅन २.१ वर फोटोचे व्हिडिओ बनवताना डोकं का उडतं: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घरच्या लग्नाबिग्नातल्या फोटोंचे पाच-पाच सेकंदांचे व्हिडिओ करून द्यायचं काम गेले काही महिने माझ्याकडे आलंय, कॉम्फीयूआय या नोड म्हणजे छोटे ठोकळे एकमेकांना जोडून एआय मॉडेल चालवायच्या प्रोग्राममध्ये वॅन २.१ चं इमेज-टू-व्हिडिओ मॉडेल चालवतो. मॉडेल कसंय यावर बऱ्याच लोकांनी लिहिलंय, चांगलंच आहे, कापड हलतं ते फार छान. मी फक्त एका गोष्टीवर लिहितोय, कारण नवीन माणूस पहिल्याच दिवशी तिथे अडकतो. फोटोत माणूस नखशिखांत आहे आणि व्हिडिओत डोकंच नाही.

पहिल्यांदा सगळे प्रॉम्प्टवर राग काढतात. "फुल हेड व्हिजिबल" लिही, काय नको ते लिहायच्या निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये "क्रॉप्ड हेड" टाक, सीड म्हणजे सुरुवातीचा रँडम आकडा बदल. काही फरक पडत नाही, कारण कापाकापी मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते. WanImageToVideo नोडला तुम्ही जी width आणि height देता त्या मापात फोटो बसवला जातो, आणि गुणोत्तर जुळत नसेल तर मधला भाग ठेवून जास्तीचं दोन्ही बाजूंनी सारखं कापलं जातं. चेहरा कुठे आहे वगैरे बघणारं तिथे कोणी नाही, नुसता भागाकार आहे.

आता एक खरा हिशोब करू. मोबाईलचा उभा फोटो, ३०२४ × ४०३२, म्हणजे ३:४. नवरदेव पूर्ण उभा, फेटा बांधलेला. फेट्याच्या तुऱ्याचं टोक वरून साधारण ३५० पिक्सेलवर, हनुवटी १००० च्या आसपास, मोजड्या ३७०० ला. हॉलच्या स्क्रीनवर लावायचाय म्हणून मामांनी आडवा व्हिडिओ मागितला, म्हणून माप दिलं ८३२ × ४८०. या गुणोत्तरात ३०२४ रुंदीला उंची मिळते फक्त १७४५ पिक्सेल. ४०३२ मधून १७४५ गेले, उरले २२८७, त्याचे दोन भाग केले की वरून ११४३ आणि खालून ११४४ उडाले. हनुवटी १००० लाच संपली होती! म्हणजे व्हिडिओत येतो तो गळ्यातल्या हारापासून गुडघ्यापर्यंतचा नवरदेव, आणि मॉडेल बिचारं त्या हाराला मस्त हलवून देतं.

दोष कुठला ते ओळखायला पहिली फ्रेम बघायची. पहिल्या फ्रेमपासूनच डोकं नसेल आणि सीड बदलला तरी कापलेली रेघ तिथेच असेल तर ती मापाची भानगड आहे. पहिल्या फ्रेममध्ये डोकं आहे आणि नंतर वर सरकत बाहेर जातंय तर तो हालचालीचा प्रश्न, त्याच्यावर खाली लिहिलंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि लोक एकाचा दुसऱ्याला लावत बसतात.

आडवाच व्हिडिओ हवा असेल तर फोटो आपणच कापून द्यायचा. ImageCrop नोडमध्ये width ३०२४, height १७४५, x शून्य, y १७०. तुऱ्याच्या वर १८० पिक्सेल मोकळे राहिले, खाली कमरेपर्यंत माणूस आला, आणि गुणोत्तर आधीच जुळलेलं असल्यामुळे पुढच्या नोडला कापायला काही उरलंच नाही. ImageCrop च्या आउटपुटला एक Preview Image नोड जोडून ठेवा, तो मी आता काढतच नाही, रेंडरला लावून जेवायला जायच्या आधी एक नजर टाकायची बस. नोडचा कंटाळा असेल तर मोबाईलच्या गॅलरीत १६:९ ने कापा, अगदी तंतोतंत जुळत नाही पण मग दोन्ही बाजूंनी थोडंसंच जातं, डोक्याला धक्का नाही.

"पण मोजड्यांपर्यंत सगळा दिसला पाहिजे" असं म्हणणारे असतातच. मग दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडून अख्खा फोटो आडव्या चौकटीत बसवता येतो, डोकं नक्की वाचतं, पण चेहऱ्याचं काय होतं बघा. आपल्या फोटोत कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा ३०० पिक्सेल धरला, तर अख्खा फोटो ४८० उंचीत बसवल्यावर तो उरतो ३६ पिक्सेल. कमरेपर्यंत कापलेल्या फोटोत तोच ८२ असतो. मॉडेल आतमध्ये चित्र लांबी-रुंदीत आठ पटीने आकसून काम करतं, म्हणजे ३६ पिक्सेलच्या चेहऱ्याला आत चार-साडेचार घरं मिळतात, त्यात डोळे, मिशी, मुंडावळ्या सगळं कोंबायचं. नवरदेव कोणाचातरी चुलतभाऊ दिसायला लागतो.

अख्खा माणूस हवाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, आडव्याचा हट्ट सोडा. ३:४ च्या फोटोला ३:४ चाच व्हिडिओ द्या, ५७६ × ७६८ हे माप मला चांगलं चाललंय, दोन्ही आकडे १६ ने भागले जातात आणि एक पिक्सेल कापला जात नाही. चेहराही ५७ पिक्सेलचा मिळतो. मग एडिटिंगमध्ये मागे तोच व्हिडिओ मोठा करून धूसर लावायचा, हॉलमध्ये कोणी तक्रार करत नाही. रील हवी असेल तर ४८० × ८३२ घ्या, त्यात डोकं वाचतं पण कापाकापी बाजूंनी होते, ३०२४ मधले दोन्हीकडून साधारण ३५० जातात. नवरदेव मधोमध असेल तर ठीक, बाजूला करवली उभी असेल तर तिचा अर्धा हात गेला.

आता हालचालीचं. वॅन ८१ फ्रेम देतं, सेकंदाला १६ प्रमाणे पाच सेकंद, आणि तेवढ्या वेळात माणूस बराच हलतो. खुर्चीवर बसलेल्या आजोबांचा फोटो देऊन प्रॉम्प्टमध्ये "उभे राहतात" लिहिलं तर चौकट आहे तिथेच राहणार आणि आजोबा वर जाणार. कॅमेरा जवळ येतोय असं लिहिलं तर कडेचं सगळं बाहेर ढकललं जातं, त्यात सगळ्यात आधी फेटा. नुसतं हसणं, मान वळवणं असेल तर डोक्यावर चौकटीच्या दहा टक्के जागा पुरते (वरच्या उदाहरणात १७४५ ला १८० सोडले ते म्हणूनच), आणि कॅमेरा स्थिर आहे असं प्रॉम्प्टमध्ये लिहायचं, इथे मात्र प्रॉम्प्टचा खरंच उपयोग होतो. आणि जागा तुऱ्याच्या टोकापासून मोजायची, केसांपासून नाही.

मूळ फोटोतच फेटा वरच्या कडेला चिकटलेला असेल तर ImagePadForOutpaint ने वर जागा जोडून इनपेंटिंग मॉडेलने ती भरता येते. मागे साधी भिंत असेल तर झकास होतं. तुराच कापलेला असेल तर मॉडेल स्वतःच्या मनाने तुरा काढतं आणि घरातल्या बायकांच्या ते लगेच लक्षात येतं.

ऑनलाइन साइटवर करणाऱ्यांसाठी एक युक्ती, कारण आत काय कापलं जातं ते तिथे दिसत नाही. तुमच्या फोटोच्याच गुणोत्तराचं पांढरं चित्र घ्या, वरून खाली दर दहा टक्क्यांवर जाड आडवी रेघ मारून बाजूला आकडा लिहा, आणि सगळ्यात स्वस्त सेटिंगवर एक क्लिप काढा. पहिल्या फ्रेममध्ये वरचा आकडा २० किंवा ३० दिसायला लागला की समजायचं वरचं किती गेलं. मी एका साइटवर केलं तर ती आडव्या पर्यायात मधला भाग ठेवूनच कापत होती आणि उभ्यात काहीच नाही, क्रेडिट तेवढ्यातच वाचले.

ग्रुप फोटोला मात्र यातलं काही धड लागू होत नाही. आडव्या फोटोत वीस नातेवाईक आणि रील उभी हवी, म्हणजे दोन्ही टोकांचे काका-काकू जाणारच, आणि सगळे बसवले तर चेहरे मुंगीएवढे. तसं काम आलं की मी सरळ नाही म्हणतो, त्यातले दोघं-तिघं निवडून पाठवा म्हणून सांगतो.