उत्तरं तपासून घेण्याचे सात महिने: धुळ्यातून एक अनुभव

यूपीएससी मुख्य परीक्षेची टेस्ट सिरीज लावून सात महिने झाले. दर रविवारी देवपूरच्या अभ्यासिकेत बसून लिहायचं, वही तपासायला द्यायची. तपासणीच्या कागदावर चार रकाने असतात: रचना, समतोल, प्रश्नाशी संबंध आणि उदाहरणं. मला खरा फायदा तिसऱ्या रकान्याचा झाला.

दुसऱ्या महिन्यात 15 गुणांचा, 250 शब्दांचा प्रश्न होता: ‘सूक्ष्म सिंचनाने पाण्याची बचत होते, पण भूजलावरचा ताण कमी होतोच असे नाही. समीक्षात्मक परीक्षण करा.’ केळीच्या पट्ट्यात वाढलेली मी, भरभरून लिहिलं. ठिबकची व्याख्या, 2015 ची कृषी सिंचन योजना, अनुदान, फायदे. रचना छान, गुण साडेचार. तपासणारे दादा म्हणाले, "इचारेल काय शे आन लिखेल काय शे?" मग त्यांनी पेन्सिल हातात दिली. प्रत्येक वाक्य प्रश्नाच्या कुठल्या भागाला उत्तर देतं ते समासात लिही, म्हणाले. अर्ध्याहून जास्त वाक्यांपुढे ‘बचत होते’ आलं. ते तर प्रश्नानेच मान्य केलं होतं!

पुन्हा लिहिताना व्याख्या एका ओळीत संपवली. विहिरीचं पाणी वाचलं की शेतकरी त्यावर आणखी एकर-दोन एकर केळी लावतो, त्यामुळे एकूण उपसा तेवढाच राहतो किंवा वाढतो. शिवाय पाटपाण्यात जे मुरायचं, ते ठिबकमध्ये मुरत नाही. रावेर-यावलचं उदाहरण आता इथे बसलं, कारण ते काढलं तर मुद्दाच लंगडा पडतो. आधीच्या उत्तरात इस्रायल होतं, ते काढल्यावर काहीच बिघडलं नाही. उदाहरण कामाचं की शोभेचं, हे मी आता असंच ओळखते.

समतोल म्हणजे अर्धे फायदे, अर्धे तोटे, असं मी समजायचे. खरं तर कोणती बाजू कोणत्या अटीवर खरी ठरते ते सांगायचं असतं. हिवरे बाजारसारखा गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, तर वाचलेलं पाणी जमिनीत राहतं. नाहीतर पीकक्षेत्र वाढतं. या उत्तराला साडेसहा मिळाले.

तक्रारी दोन. वही परत यायला कधीकधी बारा दिवस लागतात, तोवर आपण काय विचार करून लिहिलं तेच आठवत नाही. आणि तपासणारे बदलले की गुण बदलतात. हेच साडेसहाचं उत्तर दुसऱ्या ताईंनी पाचावर आणलं. म्हणून आकड्यापेक्षा समासातला शेरा मी जास्त वाचते.

एक उणीव मात्र मोठी आहे. पेपरात तीन तासांत 20 प्रश्न, म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटं. इथे सुट्या उत्तराला घड्याळ लावत नाहीत. मी घरून लावून जाते. पहिलं दीड मिनिट प्रश्नातल्या ‘पण’नंतरचा भाग अधोरेखित करण्यात आणि मुद्दे मांडण्यात जातं, त्यानंतरच पेन उचलते.