शैलीचे वर्णन द्यावे की जुनी उत्तरे?

सोलापुरातील एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यासाठी ग्राहकांना चॅटमध्ये द्यायच्या उत्तरांचे मसुदे एआय मॉडेलकडून सुचवून घेताना आम्ही दोन पद्धती ताडून पाहिल्या. पहिलीत सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनेत, "आपुलकीने, थोडक्यात लिहा" एवढेच सांगितले, टोकन, म्हणजे मॉडेल वाचते ते मजकुराचे तुकडे, कमी लागले, पण "माल कधी निघणार?" या प्रश्नाला "आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत" असा कोणाच्याही नावावर खपेल असा मसुदा आला. दुसरीत त्यांचीच आठ जुनी प्रश्नोत्तरे जोडली, तेव्हा "शेठ, गठ्ठे बांधून झाले, उद्या ट्रान्सपोर्टला टाकतो" हे थेट त्यांच्या तोंडचे वाक्य उतरले. मात्र त्यातले "उद्या" जुन्या उत्तरातून उचललेले होते, आणि ओळखीच्या भाषेमुळे अशी चूक चटकन नजरेत येत नाही. तरीही मी दुसरीच पद्धत निवडेन, पण नमुन्यांतील तारखा व दर आधी काढून टाकीन आणि पाठवण्याचे बटण व्यापाऱ्याच्याच हाती ठेवीन.