संत्रा कलमांची पोस्ट: हॅशटॅग, कॅप्शन की स्लाइडवरचं अक्षर, शोधणाऱ्याले कशातून सापडते?

वरुड-शेंदूरजनाघाट पट्ट्यातले नर्सरीवाले आता इन्स्टावर कॅरोसेल टाकून रायले, म्हणजे सात-आठ फोटोंची सरकवायची पोस्ट. आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, भाऊ हॅशटॅग कोणते टाकू. पण आधी ठरवायचं ते हे की शोधायचे शब्द ठेवायचे कुठं, टॅगात, कॅप्शनमध्ये की स्लाइडवरच्या मोठ्या अक्षरात. मी इथं गिऱ्हाईक शोधत येते तेवढंच पाहतो, रीलचा व्हायरल-बियरल हिशोब वेगळा.

हॅशटॅगवाली बाजू आधी घेऊ. समजा कॅप्शन आहे "नवा हंगाम, नवी सुरुवात" आणि खाली #orange #farming #nature #nagpur #trending असे पाच टॅग. आता #orange उघडून पाहा, त्यात सूर्यास्त आहे, मांजर आहे, लिपस्टिक आहे, तुमची कलम त्यात कोण पाहणार. #nagpur मध्ये हॉटेलं अन् लग्नाचे फोटो. पहिले तीस टॅग टाकायची रीत होती, पण इन्स्टाचंच क्रिएटर लोकांसाठीचं अकाउंट 2021 पासून तीन ते पाच टॅग पुरे म्हणून सांगत आलं, आणि 2024 च्या शेवटी हॅशटॅग फॉलो करायची सोयच काढून टाकली, म्हणजे टॅगातून आपोआप कोणाच्या फीडमध्ये जायचं ते दारही बंद. टॅग आता पोस्ट कशाबद्दल आहे एवढं सांगायच्या कामाचा. #संत्राकलम, #नागपुरीसंत्रा, #वरुड, #santrakalam, झालं. टॅगात जागा सोडू नका, "#संत्रा कलम" लिहिलं तं टॅग फक्त संत्रा एवढाच होते अन् कलम बाहेर लटकते, पोस्ट केल्यावर निळं किती झालं ते पाहूनच घ्या.

कॅप्शनची बाजू माझ्या मते सगळ्यात जड. शोधताना जे टाइप केलं ते अकाउंटचं नाव, बायो, कॅप्शन, टॅग, ठिकाण यांच्याशी जुळवून पाहिल्या जाते, आणि इन्स्टानं हे स्वतःच सांगून ठेवलं की शोधात यायचं असेल तं शब्द अन् टॅग कॅप्शनमध्येच टाका, कमेंटमध्ये नाही. तरी कॅप्शन नीटनेटकं दिसावं म्हणून बरेच जण सगळे टॅग पहिल्या कमेंटमध्ये ढकलतात, शोधासाठी ते वाया.

आता कॅप्शनमध्ये शब्द कोणता, इथं मराठीत खरी गोम आहे. आपण लिहितो "संत्र्याच्या कलमा उपलब्ध" आणि गिऱ्हाईक टाइप करते "संत्रा कलम". संत्र्याच्या आणि संत्रा हे तुमच्या-माझ्यासाठी एकच, पण अक्षरं जुळवणाऱ्या मशीनले ते कळेलच याचा भरवसा नाही. म्हणून मूळ रूप एकदा तरी जसंच्या तसं यायला पाहिजे, "संत्रा कलम", "संत्रा रोपवाटिका", "संत्रा लागवड". मग पुढं बोलीत काय लिहायचं ते लिहा. दुसरं, निम्मे लोकं देवनागरी टाइपच नाही करत, santra kalam, santra rop असं मारतात. आणि पांढुर्णा-सौंसरकडचा गिऱ्हाईक हिंदीत "संतरे का पौधा" शोधते, त्याची संतरा आपल्या संत्रापेक्षा वेगळी लिहिल्या जाते. तीनही प्रकार कॅप्शनमध्ये बसवता येतात, 2,200 अक्षरं जागा आहे, कोंबाकोंबी न करता.

ते वरचं कॅप्शन मी असं करीन:

"संत्रा कलम घेताना काय पाहायचं? जंबेरी खुंट की रंगपूर, डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर आहे का, पिशवीतली मुळं गोल गुंडाळली तं नाही ना. सगळं फोटोत दाखवलं. संत्रा रोपवाटिका, शेंदूरजनाघाट, ता. वरुड, जि. अमरावती. Nagpuri santra kalam, संतरे का पौधा, बुकिंग चालू."

पहिल्या ओळीतच मुख्य शब्द आहे, कारण फीडमध्ये सव्वाशेक अक्षरांनंतर बाकीचं "more" खाली दडते. आणि डोळ्याच्या उंचीचा मुद्दा शोभेसाठी नाही टाकला, डोळा मातीजवळ असला की डिंक्या लवकर लागते, हे ज्याले माहीत आहे तो गिऱ्हाईक नेमकं हेच विचारते.

शब्द मनानं नका काढू. इन्स्टाच्या शोधपट्टीत "संत्रा" एवढं लिहून थांबा, खाली काय सुचवते ते पाहा, मग santra लिहून पाहा. पण स्वतःच्या फोनवर नाही, तो तुमच्या सवयीनं सुचवते. घरातल्या दुसऱ्या कोणाचा फोन घ्या. याहून चांगला झरा म्हणजे तुमचं व्हॉट्सअॅप, तिथं शेतकरी ज्या शब्दात भाव विचारते तेच शब्द उचला.

स्लाइडवरचं अक्षर. हे मुख्यतः माणसाच्या डोळ्यासाठी. फोटोतली अक्षरं मशीन वाचू शकते, इन्स्टाच्या मेटा कंपनीकडं ते तंत्र आहे, पण मराठी ठळक फॉन्ट त्यावर सावली, मागं हिरवी पानं, एवढ्यातून ते नीट वाचलं जाईल यावर धंदा नका सोडू. पहिल्या स्लाइडवर कॅप्शनचाच मुख्य शब्द मोठ्या अक्षरात लिहा, साध्या पट्टीवर, म्हणजे शोधून आलेल्याले लगेच कळते की बरोबर जागी आलो. एक घोळ इथं नेहमी होते, फ्लेक्सवाल्याकडून डिझाइन करून घेतलं अन् त्यातलाच मजकूर कॉपी करून कॅप्शनमध्ये चिकटवला तं भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात, कारण तिकडं श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट असते, युनिकोड नाही. कॅप्शन फोनच्या मराठी कीबोर्डवरच टाइप करा. आणि प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक फोटोचा ऑल्ट टेक्स्ट लिहिता येते, तो दृष्टी नसणाऱ्यांसाठी आहे, म्हणून तिथं फोटोत काय आहे ते सरळ वाक्यात लिहा, शब्दांची रास नको.

निवडायचंच असेल तं आणखी एक फरक ध्यानात घ्या, कॅप्शन पोस्ट केल्यावरही बदलता येते, स्लाइडवर छापलेलं नाही. म्हणजे जुन्या चांगल्या पोस्टी तशाच पडू देऊ नका, कॅप्शन उघडा अन् पहिली ओळ दुरुस्त करा. ज्याले वेळ एकाच गोष्टीपुरता आहे त्यानं हेच करावं, टॅग नंतर.

जुलै 2025 पासून पब्लिक प्रोफेशनल अकाउंटच्या पोस्टी गुगललेही दिसू शकतात, त्यामुळं गाव-तालुका-जिल्हा पूर्ण लिहायचा फायदा वाढला. अकाउंट प्रायव्हेट असलं तं मात्र हे सगळं लिहिणं फुकट.

जमलं की नाही हे लाइकवरून नाही कळत. दहा-पंधरा दिवसांनी दुसऱ्या फोनवरून तोच शब्द शोधून पाहा, इनसाइट्समध्ये फॉलो न करणारे किती आले ते पाहा, आणि फोन आला की विचारा, नंबर कुठून भेटला. हे सगळं पावसाळी लागवडीच्या आधी करून ठेवा, जुलै येईतोवर गिऱ्हाईकाची कलम ठरलेली राहते.