स्वॅप टेस्ट: सहायक क्युबिटसह की त्याच्याशिवाय?

दोन अनोळखी क्वांटम अवस्था एकमेकींशी किती जुळतात, म्हणजे F = |⟨ψ|φ⟩|² किती, हे काढायला दोन सर्किटे आहेत.

मूळ पद्धतीत सहायक क्युबिटवर हॅडमार्ड, मग त्याच्या नियंत्रणाखाली दोन्ही अवस्थांची अदलाबदल, पुन्हा हॅडमार्ड आणि मापन. 0 येण्याची शक्यता (1+F)/2. |0⟩ आणि |+⟩ घेतल्या तर F = 1/2, म्हणून 1000 मापनांत साधारण 750 वेळा 0 दिसायला हवा.

दुसरीत सहायक क्युबिट नाहीच. दोन्ही क्युबिटांमध्ये एक CNOT, पहिल्यावर हॅडमार्ड, मग दोन्हींचं मापन. 11 आला की −1, बाकी सगळ्याला +1, आणि सरासरी म्हणजेच F. त्याच उदाहरणात 11 पाव वेळा येतो: 1 − 2×1/4 = 1/2. सांख्यिकीय चूक दोन्हींत सारखीच, इथे सुमारे 0.03.

फरक पडतो तो यंत्रावर. नियंत्रित अदलाबदल नेहमीच्या पद्धतीने फोडली की प्रत्येक क्युबिट-जोडीला 8 CNOT लागतात. गोंगाटाने सहायक क्युबिट पुरता बिघडला तर 0 निम्म्या वेळा येतो आणि F शून्य भासतो, जणू अवस्था परस्परलंब आहेत. म्हणून आधी दोन्हीकडे एकच शुद्ध अवस्था तयार करून पाहा: 1 (किंवा 11) कधीच यायला नको. किती वेळा येतो, त्यावरून बिघाड कळतो.

आजच्या यंत्रांवर मी दुसरीच निवडेन. मात्र मापनानंतर अवस्था पुढे वापरायच्या असतील तर मूळ पद्धतच हवी, तरी तीही अवस्था एकसारख्या असतील तरच त्यांना जशाच्या तशा ठेवते. दुसरीत त्या नष्ट होतात.